शेअर न विकता धोका किती कमी होतो?

११ जानेवारी २०१३ रोजी इन्फोसिसचे तिमाही निकाल आले आणि त्या एका दिवसात शेअर सुमारे १७ टक्क्यांनी चढला. तीन महिन्यांनी, १२ एप्रिलला, पुढच्या तिमाहीचे निकाल आले आणि तोच शेअर एका दिवसात सुमारे २१ टक्क्यांनी कोसळला. दोन्ही वेळा भाव पायरीपायरीने सरकला नाही. बाजार उघडला तोच आदल्या दिवसापासून बराच लांब. एप्रिलमध्ये ज्यांनी पाच टक्के खाली स्टॉप लॉस लावून ठेवला होता, त्यांचीही विक्री त्या भावाला झाली नाही. उघडल्यावर जो भाव मिळाला तो घ्यावा लागला.

असा शेअर वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या माणसापुढे पेच असतो. विकायची इच्छा नसते, कारण कंपनीवर विश्वास असतो, लाभांश मिळत असतो आणि जुन्या खरेदीवरचा नफा काढला की कर भरावा लागतो. पण एखाद्या वाईट तिमाहीत भांडवलाचा पाचवा हिस्सा गेलेला बघायचीही तयारी नसते. अशा गुंतवणूकदाराला ब्रोकरच्या कार्यालयात, सेमिनारमध्ये आणि यूट्यूबवर दोन उपाय सांगितले जातात. एक म्हणजे कव्हर्ड कॉल, दुसरा म्हणजे प्रोटेक्टिव्ह पुट. दोन्ही नावं एका दमात घेतली जातात, जणू ती एकाच औषधाची दोन नावं आहेत. त्यातला पहिला लोकांना फार आवडतो, कारण त्यात पैसे मिळतात. दुसऱ्यात पैसे द्यावे लागतात, म्हणून तो कुणाला नको असतो. माझं म्हणणं असं, की धोका कमी करण्याचं काम प्रामुख्याने दुसराच करतो. पहिला काय करतो ते नीट समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

कॉल विकणं म्हणजे काय, हे जमिनीच्या व्यवहारावरून पटकन कळतं. तुमचा एक प्लॉट आहे. एक जण येतो आणि म्हणतो, महिनाअखेरपर्यंत हा प्लॉट मला अमुक भावाला घ्यायचा हक्क ठेवा, त्यासाठी हा विसार घ्या. महिनाअखेरीस बाजारभाव ठरलेल्या भावाच्या वर गेला असेल, तर तो येऊन व्यवहार पुरा करणार आणि तुम्हाला जुन्याच भावाला प्लॉट द्यावा लागणार. भाव खाली असेल तर तो फिरकणार नाही. विसार तुमचा, प्लॉटही तुमचा. शेअर बाजारात विसाराला प्रीमियम म्हणतात, ठरलेल्या भावाला स्ट्राइक आणि मुदतीच्या दिवसाला एक्स्पायरी. शेअर हाताशी ठेवून असा हक्क विकला की तो कव्हर्ड कॉल. शेअर नसताना विकला तर तो उघडा कॉल, आणि त्यातल्या तोट्याला वर मर्यादा नाही.

पुट हा याच्या उलट दिशेचा हक्क. तुम्ही प्रीमियम देता आणि त्या बदल्यात मुदत संपेपर्यंत तुमचे शेअर ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क घेता. बाजारात भाव कितीही पडो, तुमचा विक्रीचा भाव पक्का असतो. हातात शेअर ठेवून असा पुट विकत घेतला की तो प्रोटेक्टिव्ह पुट.

आता आकड्यांकडे येऊ. एका गुंतवणूकदाराकडे एका मोठ्या कंपनीचे ५०० शेअर आहेत, आणि त्या कंपनीच्या ऑप्शनचा लॉटही ५०० चाच आहे असं धरू. आजचा भाव १,४०० रुपये, म्हणजे गुंतवणूक ७ लाखांची. एक्स्पायरीला महिना आहे. ब्रोकरच्या ॲपमध्ये ऑप्शन चेन उघडली की मधल्या उभ्या रांगेत स्ट्राइक दिसतात, डावीकडे कॉल आणि उजवीकडे पुट. कॉलच्या नावापुढे CE असतं, पुटच्या पुढे PE. समजा १,४८० चा कॉल १२ रुपयांना विकला जातोय आणि १,३४० चा पुट १४ रुपयांना मिळतोय. भाव माझे, उदाहरणापुरते. पण शांत महिन्यात अशा शेअरचे भाव साधारण याच पट्ट्यात असतात.

आधी कॉल विकून बघू. १२ रुपयांप्रमाणे ५०० शेअरचे ६,००० रुपये खात्यात आले. महिनाअखेरीस शेअर १,४५० वर असेल तर फार छान. शेअर हातात, २५,००० ची वाढ आणि वर ६,००० मिळाले. शेअर १,४०० वरच रेंगाळला, तरी ६,००० मिळालेच. सेमिनारमध्ये दाखवतात ते हेच महिने. आता इन्फोसिसच्या जानेवारीसारखा महिना घ्या. शेअर १७ टक्के चढून १,६४० वर गेला. तुम्हाला ५०० शेअर १,४८० ला द्यावे लागतील. प्रति शेअर ८० रुपयांची वाढ आणि १२ रुपयांचा प्रीमियम मिळून ४६,००० रुपये पदरी पडले. कॉल विकला नसता तर १,२०,००० ची वाढ असती. म्हणजे ८०,००० रुपयांची संधी ६,००० रुपयांना दिली.

आणि एप्रिलसारखा महिना? शेअर २१ टक्के पडून १,१०० च्या आसपास आला. प्रति शेअर ३०० प्रमाणे ५०० शेअरवर दीड लाखाचा तोटा. त्यातून प्रीमियमचे ६,००० वजा केले तरी तोटा १,४४,००० चा. धोका कमी करण्यासाठी केलेल्या व्यवहाराने दीड लाखातले फक्त सहा हजार वाचवले. कव्हर्ड कॉलचं संरक्षण प्रीमियमएवढंच असतं, इथे शेअरच्या भावाच्या एका टक्क्याहूनही कमी. १,३८८ च्या खाली शेअर गेला की पुढचा प्रत्येक रुपया पूर्णपणे तुमचा तोटा. वरची कमाई मात्र १,४८० ला कापलेली. खालचा धोका जवळजवळ सगळा तुमच्याकडे आणि वरच्या फायद्याचा मोठा वाटा दुसऱ्याकडे, असा हा व्यवहार आहे. तो करू नये असं मी म्हणत नाही. पण त्याला संरक्षण म्हणणं मला पटत नाही.

तो कुणी करावा, याचं उत्तर विसाराच्या उदाहरणातच आहे. ज्याला प्लॉट त्या भावाला खरोखर विकायचाच आहे, त्याने विसार खुशाल घ्यावा. गुंतवणूकदाराने मनाशी ठरवलं असेल, की १,४८० मिळाले तर मी हे शेअर काढून टाकणार आहे, तर त्या भावाची विक्रीची ऑर्डर लावून महिनाभर वाट बघण्यापेक्षा १,४८० चा कॉल विकणं अधिक शहाणपणाचं. भाव आला तर शेअर ठरल्या भावाला गेले आणि १२ रुपये वर मिळाले. भाव आला नाही तरी १२ रुपये मिळाले. फरक एवढाच, की महिन्याच्या मध्ये भाव १,४८० ला शिवून परत खाली आला, तर विक्रीची ऑर्डर पुरी झाली असती. कॉलचा हिशेब मात्र एक्स्पायरीच्या दिवशीच होतो.

खरी अडचण होते ती दरमहा ठरावीक उत्पन्न म्हणून कॉल विकणाऱ्यांची. त्यांना शेअर विकायचे नसतात, फक्त प्रीमियम हवा असतो. पहिले काही महिने सुरळीत जातात. मग एका महिन्यात शेअर १,४०० वरून १,२५० वर येतो. आता १,४८० चा कॉल कुणी रुपयाभरालाही घेत नाही. उत्पन्नाची सवय तर लागलेली असते. मग स्ट्राइक खाली आणला जातो. पुढच्या महिन्याचा १,३२० चा कॉल ११ रुपयांना विकला जातो. आणि त्याच महिन्यात शेअर सावरून परत १,४०० वर येतो. शेअर १,३२० ला द्यावे लागतात. हिशेब मांडा. पडण्याचा तोटा पूर्ण सोसला, चढण्याचा फायदा १,३२० ला थांबला. प्रति शेअर ८० चा तोटा, त्यातून दोन महिन्यांचे २३ रुपये वजा जाता ५७ रुपये उरले, म्हणजे ५०० शेअरवर २८,५०० चा तोटा. काहीही न करता शेअर ठेवून दिले असते तर तोटा शून्य होता. दोन्ही महिन्यांत कॉल विकून पैसे मिळाले आणि तरीही तोटा झाला, हे अनेकांच्या फार उशिरा लक्षात येतं, कारण प्रीमियम खात्यात वेगळा दिसतो आणि गेलेली वाढ कुठेच दिसत नाही.

ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडलेली बघायची असेल, तर अमेरिकेतल्या बीएक्सएम या निर्देशांकाकडे बघावं. शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंजने तो २००२ साली आणला, आणि त्याची रचना रॉबर्ट व्हेली या प्राध्यापकांची. एसअँडपी ५०० चा संच हातात ठेवायचा आणि दर महिन्याला त्यावर एक कॉल विकायचा, असं केलं तर काय होतं ते हा निर्देशांक दाखवतो. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने बाजार मार्चमध्ये पडला आणि मग झपाट्याने सावरला. लाभांश धरून एसअँडपी ५०० ने त्या वर्षी सुमारे १८ टक्के दिले. बीएक्सएम वर्षअखेरीस थोडा तोट्यातच होता. पडझड त्याने जवळजवळ पुरती सोसली होती, आणि परत चढताना दर महिन्याचा कॉल त्याला अडवत होता.

आपल्याकडे सेबीने जानेवारी २०१९ मध्ये म्युच्युअल फंडांना कव्हर्ड कॉल विकायची परवानगी दिली, तेव्हा एक अट घातली. एका कंपनीचे जेवढे मोकळे शेअर फंडाकडे असतील, त्यांपैकी ३० टक्क्यांहून अधिक शेअरवर कॉल विकता येणार नाही. ही अट मला फार बोलकी वाटते. फंडाकडे एका कंपनीचे लाखो शेअर असतात, त्यामुळे ३० टक्क्यांवर विसार घेऊन ७० टक्के मोकळे ठेवणं त्याला सहज जमतं. आपल्या गुंतवणूकदाराकडे मात्र ५०० शेअर आहेत आणि लॉटही ५०० चा आहे. तो कॉल विकतो तेव्हा शंभर टक्के शेअरवर विकतो. ३० टक्क्यांची शिस्त त्यालाही पाळायची असेल तर त्याच कंपनीचे किमान १,६६७ शेअर हवेत. एका कंपनीत तेवीस-चोवीस लाख रुपये असणारे किती वाचक असतील? मग ज्याच्याकडे एकच लॉट आहे त्याने निदान एवढं तरी करावं. निकाल लागायच्या महिन्यात कॉल विकू नये आणि स्ट्राइक असा निवडावा, की तिथे शेअर गेले तर हळहळ वाटणार नाही.

शेअर स्ट्राइकच्या वर गेल्यावर काय करतात, तेही सांगायला हवं. एक्स्पायरीला चार दिवस उरलेत आणि शेअर १,५६० वर आहे. १२ ला विकलेला कॉल आता ८२ ला आहे. शेअर द्यायचे नाहीत म्हणून तो परत विकत घ्यायचा आणि पुढच्या महिन्याचा वरच्या स्ट्राइकचा कॉल विकायचा, याला रोल करणं म्हणतात. परत घ्यायला ४१,००० रुपये रोख लागतात, मिळाले होते ६,०००. शेअरची किंमत वाढलेली असते, पण ती कागदावर. रोख मात्र खिशातून जाते. पुढच्या महिन्यात शेअर पडला तर कागदावरचा फायदाही जातो. शेअर स्ट्राइकच्या वर गेले आणि आपण विकायला तयार होतो, तर ते जाऊ द्यावेत. हे ज्याला जमणार नाही, त्याने कॉल विकूच नये असं मी स्पष्ट सांगतो.

आता पुटकडे येऊ. १,३४० चा पुट १४ रुपयांना घेतला, म्हणजे ७,००० रुपये दिले. शेअर १,६४० वर गेला तर वाढ १,२०,००० ची, त्यातून ७,००० वजा, हाती १,१३,०००. वरची कमाई जवळजवळ शाबूत. शेअर १,१०० वर आला तर शेअरमध्ये दीड लाखाचा तोटा, पण पुटची किंमत प्रति शेअर २४० रुपये, म्हणजे १,२०,०००. दिलेले ७,००० धरून निव्वळ तोटा ३७,००० चा. शेअर १,००० वर येवो नाहीतर ९०० वर, तोटा ३७,००० च्या पुढे जात नाही. तो आधीच मोजता येतो: आजच्या भावापासून स्ट्राइकपर्यंतचे ६० रुपये, अधिक प्रीमियमचे १४. त्याच एप्रिलमध्ये कॉल विकणाऱ्याचा तोटा १,४४,००० होता आणि पुट घेणाऱ्याचा ३७,०००. स्टॉप लॉसला जे जमत नाही ते पुटला जमतं, कारण भाव उडी मारून खाली उघडला तरी तुमचा विक्रीचा भाव आदल्या दिवशीच ठरलेला असतो.

मग सगळे पुट का घेत नाहीत? कारण महिन्याला ७,००० म्हणजे सात लाखांचा एक टक्का, वर्षाला बारा टक्के. चांगल्या शेअरकडून सरासरी जेवढ्या परताव्याची अपेक्षा करायची, तेवढाच हा खर्च. बारमाही पुट घेऊन शेअर ठेवायचे असतील, तर ते विकून बँकेत ठेव ठेवलेली बरी. पुट हा काही आठवड्यांसाठी घ्यायचा असतो, आणि तोही तेव्हाच, जेव्हा समोर ठरावीक तारीख आणि ठरावीक भीती असते. मुलीच्या शिक्षणाची फी दोन महिन्यांनी भरायची आहे, त्यासाठी शेअर विकायचे आहेत, पण नव्या आर्थिक वर्षात विकले तर कर कमी बसतो. किंवा न्यायालयाचा निकाल यायचा आहे. अशा वेळी पुटचा खर्च समजण्यासारखा आहे.

तारीख सगळ्यांना माहीत असली की मात्र पुट महाग होतो. एरवी १४ ला मिळणारा पुट निकालाच्या आदल्या दिवशी २१ ला असू शकतो, कारण उद्या मोठी हालचाल होणार हे विकणाऱ्यालाही कळतं. ऑप्शन चेनमध्ये IV नावाचा रकाना असतो. पुढे किती हेलकावे बसतील याबद्दल बाजाराला आज काय वाटतं, ते त्या टक्क्यात दिसतं. निकाल लागला की तो आकडा एका सकाळीत उतरतो. समजा एक्स्पायरीला दोन आठवडे असताना २१ ला पुट घेतला, निकाल बेताचे आले आणि शेअर १,४०० वरून १,३७२ वर आला. शेअर दोन टक्के पडला आणि पुटही ८-९ रुपयांवर आला. अनेक जण इथे गोंधळतात: शेअर पडला तर पुट वाढायला हवा होता ना? भीतीपोटी जो जास्तीचा भाव दिला होता, तो भीती सरताच निघून गेला. म्हणून निकालासाठी पुट घ्यायचा तर दोन-तीन आठवडे आधी, IV शांत असताना बघावा. आणि ऐन वेळी घेतला, तर तो फक्त मोठ्या कोसळण्यापासूनच वाचवणार हे धरून चालावं.

स्ट्राइक कोणता घ्यायचा, हा शेवटी प्रत्येकाच्या सोसण्याचा प्रश्न. १,४०० चाच पुट घेतला तर तो ३२ च्या आसपास पडेल, म्हणजे १६,००० रुपये, पण त्याहून अधिक तोटा होणारच नाही. १,२८० चा पुट ५ रुपयांना मिळेल, अवघे २,५००, पण तोटा ६२,५०० पर्यंत जाऊ शकतो. निम्म्याहून स्वस्त दिसणारा पुट नेहमी फायद्याचा नसतो. पहिला दणका तो तुमच्यावरच ठेवतो. किती तोटा झाला तर आपली योजना बिघडेल, ती रक्कम आधी कागदावर लिहावी आणि मग त्यावरून स्ट्राइक शोधावा.

पुटचा खर्च जड वाटणाऱ्यांसाठी दोन्ही एकत्र करण्याची पद्धत आहे, तिला कॉलर म्हणतात. १,४८० चा कॉल १२ ला विकायचा आणि १,३४० चा पुट १४ ला घ्यायचा. निव्वळ खर्च प्रति शेअर २ रुपये, एकूण १,०००. आता जास्तीत जास्त तोटा ३१,००० आणि जास्तीत जास्त फायदा ३९,०००. मला विचाराल तर कॉल विकण्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच: त्यातून मिळालेले पैसे उत्पन्न म्हणून न घेता पुट विकत घ्यायला वापरणं. सेमिनारमध्ये याची फारशी चर्चा होत नाही, कारण महिन्याला खात्यात काहीच जमा होत नाही.

हे सगळं आपल्याकडे प्रत्यक्ष करताना काही गोष्टी आड येतात. पहिली लॉटची. तुमच्याकडे ३०० शेअर असतील आणि लॉट ५०० चा असेल, तर विकलेल्या कॉलपैकी २०० शेअरचा भाग उघडा राहतो. ते कव्हर्ड नव्हे. ऑप्शन फक्त दोनशेच्या आसपास मोठ्या कंपन्यांवर आहेत. लहान कंपनीच्या शेअरला हे दोन्ही मार्ग बंद. अशांसाठी निफ्टीचा पुट सुचवला जातो. त्याने बाजार सगळाच पडला तर मदत होते, पण तुमची एकटीच कंपनी बुडाली तर नाही.

दुसरी मार्जिनची. शेअर डीमॅटमध्ये पडून आहेत म्हणून कॉल विकायला मार्जिन लागत नाही, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सात लाखांच्या एका लॉटला साधारण लाखभर रुपये मार्जिन अडकतं. तेच शेअर ब्रोकरकडे तारण ठेवून ते भागवता येतं, पण त्यातला निम्मा भाग रोख किंवा लिक्विड फंडासारख्या रोखीसमान गोष्टींत असावा लागतो. नसेल तर बरेच ब्रोकर व्याज लावतात. शेअर चढत गेला की मार्जिनही वाढत जातं. पुट घेताना मात्र फक्त प्रीमियम भरावा लागतो, निदान शेवटच्या आठवड्यापर्यंत तरी.

शेवटचा आठवडा हा या सगळ्यातला सगळ्यात नाजूक काळ. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे शेअरच्या सगळ्या ऑप्शनची तड शेअरच्या देवघेवीनेच लागते, नुसत्या पैशांच्या फरकाने नाही. एनएसईवर एक्स्पायरी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. सप्टेंबर २०२५ च्या आधी ती गुरुवारी असायची. त्या दिवशी शेअर १,४८० च्या वर बंद झाला तर कॉल विकणाऱ्याला ५०० शेअर द्यावेच लागतात. ते तारण असतील तर वेळेत मोकळे करून ठेवावे लागतात, नाहीतर लिलाव आणि दंड. पुट घेणाऱ्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट अशी: शेअर १,३४० च्या खाली बंद झाला आणि तुम्ही पुट विकला नाही, तर तुमचे शेअर १,३४० ला जातील. पुट घेतला होता तो शेअर सांभाळण्यासाठी, आणि शेअरच गेले. दहा वर्षांपूर्वी ९०० ला घेतलेले असतील तर त्यावरचा भांडवली नफाही त्या वर्षीच्या करात येईल. शेअर ठेवायचे असतील तर पुट एक्स्पायरीच्या चार-पाच दिवस आधीच बाजारात विकून त्याचे पैसे घ्यावेत. त्या चार दिवसांत फायद्यातल्या पुटवरही मार्जिन रोज वाढत जातं, आणि पैसे नसतील तर ब्रोकर सौदा स्वतःच बंद करू शकतो.

विकताना खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर नक्की बघा. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये ते पैशांत असतं. शेअरच्या ऑप्शनमध्ये, त्यातही फायद्यात खोल गेलेल्या पुटमध्ये, घेणारा ८४ म्हणतोय आणि विकणारा ९३, असं सर्रास दिसतं. मार्केट ऑर्डर टाकली तर मधल्या भावाच्या तुलनेत ५०० शेअरवर सव्वादोन हजार तिथेच जातात. लिमिट ऑर्डर टाकावी, मधला भाव मागावा आणि थोडं थांबावं. पुढच्या महिन्याच्या ऑप्शनमध्ये तर अनेकदा घेणारेच नसतात, म्हणून तीन महिन्यांचा पुट एकदाच घ्यायची कल्पना शेअरच्या बाबतीत फारशी चालत नाही.

राहिला कर. शेअरवरचा नफा-तोटा भांडवली नफ्यात मोडतो, ऑप्शनवरचा व्यवसायाच्या उत्पन्नात. कॉलच्या प्रीमियमवर तुमच्या टप्प्याच्या दराने कर बसतो, आणि नोकरदाराला साध्या फॉर्मऐवजी ITR-3 भरावा लागतो. यातला खरा काटा पुटच्या बाबतीत बोचतो. एप्रिलसारख्या महिन्यात पुटवर १,१३,००० चा नफा झाला आणि घाबरून शेअरही १,१०० ला, खरेदीपेक्षा कमी भावाला विकले, तर पुटचा नफा व्यवसायाचा आणि शेअरचा तोटा भांडवली. भांडवली तोटा व्यवसायाच्या नफ्यातून वजा होत नाही. एकाच दिवशी एका हाताने मिळालेल्या पैशांवर पूर्ण कर, आणि दुसऱ्या हाताने गेलेले पैसे पुढच्या वर्षांतल्या भांडवली नफ्याची वाट बघत पडून राहतात. ३७,००० चा तोटा कर भरल्यावर बराच मोठा होऊ शकतो. त्यामुळे अलीकडेच चढ्या भावाने घेतलेल्या शेअरवर पुट घेण्याआधी सीएला एकच प्रश्न विचारावा: पुट बाजारात विकला तर कर किती, आणि पुटच्या हक्काने शेअरच १,३४० ला दिले तर किती? दोन्ही उत्तरं हातात आल्यावर एक्स्पायरीच्या आठवड्यात काय करायचं ते ठरवता येतं.